शाळेची व्हॅन बंद करताना: उशीर, बेफाम गाडी आणि मधले पंधरा दिवस

माझी लेक तिसरीत. आमचं घर सिंहगड रस्त्यावर, शाळा तिथून सहा किलोमीटर. व्हॅन ६:४० ला सोसायटीच्या गेटवर यायची ठरलेली आणि शाळेचं गेट ७:१० ला बंद होतं. जून महिना बरा गेला. जुलैच्या मध्यापासून व्हॅन कधी ६:५० ला, कधी ६:५५ ला येऊ लागली आणि तरीही लेक बहुतेक वेळा शाळेत वेळेवर पोहोचत होती. मी ते सुदैव समजत होते. गाडी उशिरा निघते आणि तरी वेळेवर पोहोचते, म्हणजे मधल्या रस्त्यावर काय होत असेल, हा विचार मला फार उशिरा सुचला.

ती व्हॅन आम्ही ऑगस्टमध्ये बंद केली. त्या पंधरा दिवसांत काय केलं, काय चुकलं आणि कोणत्या क्रमाने केलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. यातलं बरंचसं पुण्यातलं असलं तरी नियम महाराष्ट्रभर तेच आहेत.

आधी ठरवा: आज थांबायचं की महिनाअखेरीस

सगळ्या तक्रारी एका मापाच्या नसतात. काही गोष्टी दिसल्या की दुसऱ्या दिवशी मुलाला त्या गाडीत बसवायचंच नाही, मग पैसे अडकोत की ऑफिसला रजा पडो. ड्रायव्हरच्या तोंडाला दारूचा वास. नेहमीच्या काकांऐवजी न सांगता आलेला कुणी अनोळखी मुलगा. सरकतं दार नीट लागत नाही म्हणून दोरीने बांधलेलं किंवा उघडंच ठेवून चालवलेली गाडी. उलट्या दिशेने नेलेली गाडी. हातात फोन धरून चालवणं. मूल भलत्याच ठिकाणी उतरवणं. यातली एक गोष्ट खात्रीने घडली असेल तर खालची नोंदी ठेवण्याची पायरी सोडून द्या आणि थेट पर्यायाच्या व्यवस्थेला लागा.

मुलाला मारलं, नको तिथे हात लावला, किंवा मूल व्हॅनचं नाव काढलं की गप्प होतं असं काही असेल, तर ड्रायव्हरशी एक शब्दही बोलू नका. ११२ किंवा १०९८ वर फोन करा आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटा. हा लेख त्या प्रसंगासाठी नाही.

उरतं ते आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येणारं प्रकरण: रोजचा उशीर आणि 'काका जरा जोरात चालवतात' ही मुलाकडून कळलेली गोष्ट. इथे दहा शाळेचे दिवस नोंद ठेवा. त्यापेक्षा कमी दिवसांत चित्र कळत नाही आणि त्यापेक्षा जास्त थांबायचं कारण नाही.

दहा दिवसांची नोंद

मी फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. त्यावर पाच रकाने: तारीख, व्हॅन गेटवर किती वाजता आली, शाळेच्या गेटवर किती वाजता पोहोचली, दुपारी शाळेबाहेर किती वाजता आली, घरी किती वाजता पोहोचली. घरच्या वेळा आपल्याला दिसतातच. शाळेच्या गेटवरची वेळ कळण्यासाठी मी वर्गातल्या एका मुलाच्या बाबांना विनंती केली. ते त्याला स्कूटरवरून सोडतात आणि गेट बंद होईपर्यंत तिथेच थांबतात. व्हॅन दिसली की ते मला नुसता एक आकडा पाठवायचे: ७:०५, ७:०८.

दहा दिवसांत चार दिवस व्हॅन पाच मिनिटांच्या आत आली. सहा दिवस नऊ ते एकवीस मिनिटं उशिरा. पण खरी गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात होती. वेळेवर आलेल्या एका दिवशी व्हॅन ६:४० ला निघून ७:०५ ला पोहोचली, म्हणजे पंचवीस मिनिटं. उशिरा आलेल्या एका दिवशी ६:५४ ला निघून ७:०८ ला, म्हणजे चौदा मिनिटं. रस्ता तोच, आमच्यानंतरचे चार थांबेही तेच.

याचा हिशेब कुणालाही करता येतो. प्रत्येक थांब्यावर मूल चढायला, दप्तर ठेवायला साधारण एक मिनिट धरा. चार थांब्यांची चार मिनिटं वजा केली की वेळेवर आलेल्या दिवशी सहा किलोमीटरला एकवीस मिनिटं लागली, म्हणजे ताशी सतरा किलोमीटरच्या आसपास. सकाळच्या रस्त्यावर शाळेच्या गाडीचा हा वेग ठीक आहे. उशिराच्या दिवशी तेच सहा किलोमीटर दहा मिनिटांत, म्हणजे ताशी छत्तीसची सरासरी. सिग्नल, गतिरोधक आणि वळणं यात धरलेली आहेत. सरासरी छत्तीस येण्यासाठी मोकळ्या पट्ट्यात गाडी त्याच्या कितीतरी वर पळालेली असणार आणि एखाद-दुसरा सिग्नल सोडलेलाही असणार.

हा हिशेब मांडल्यावर मला कळलं की उशीर आणि वेग या दोन तक्रारी नाहीत, ती एकच आहे. बहुतेक व्हॅन सकाळी दोन फेऱ्या करतात. आमची व्हॅन आधी दुसऱ्या शाळेची मुलं सोडून मग आमच्याकडे यायची. पहिल्या फेरीत एक मूल पाच मिनिटं उशिरा खाली आलं, एका गेटवर कचऱ्याची गाडी आडवी आली, की ती पाच मिनिटं आमच्यापर्यंत येता येता बारा व्हायची. मग ती बारा मिनिटं आमच्या मुलांच्या फेरीत वेगाने भरून काढायची. म्हणून 'काका, वेळेवर या' म्हटलं की वेग वाढतो आणि 'काका, हळू चालवा' म्हटलं की उशीर वाढतो. दोन्ही गोष्टी एकदम सुधारायच्या तर एक फेरी कमी करावी लागते, आणि फेरी कमी करायची तर उत्पन्न कमी होतं. नुसत्या रागावण्याने हे सुटत नाही, ते यामुळे.

दुपारी याच्याच उलट घडत होतं. शाळा १२:४० ला सुटायची आणि व्हॅन आधी दुसऱ्या शाळेची मुलं घरी सोडून १:०५ ते १:१५ च्या दरम्यान यायची. शाळा १२:५० ला मुलांना गेटबाहेर काढते. म्हणजे पंधरा ते पंचवीस मिनिटं आठ वर्षांची मुलं वडापावच्या गाडीशेजारी रस्त्याच्या कडेला उभी असायची, मोठ्या माणसाच्या नजरेशिवाय. सकाळच्या उशिराची आपल्याला चीड येते कारण तो आपल्या डोळ्यांसमोर होतो. माझ्या मते दुपारचा उशीर जास्त गंभीर आहे आणि तो कोणी मोजतच नाही.

मुलाकडून कसं काढायचं

'काका फोनवर बोलतात का?' असं विचारलं तर मूल हो म्हणतं, नाही म्हणायला सांगितलं तर नाहीही म्हणतं. मी लेकीला कागद आणि खडू दिले आणि म्हटलं, 'आज व्हॅनमध्ये कोण कुठे बसलं होतं ते काढून दाखव.' तिने अर्धा तास लावून चित्र काढलं. पुढे काकांच्या शेजारी दोन गोल. मधल्या सीटवर चार. मागच्या सीटवर चार. आणि मधल्या सीटला पाठ लावून एक आडवी रेघ, तिच्यावर तीन गोल. 'ही फळी आहे. फळीवर बसलं की पाय सिलिंडरच्या पेटीला लागतात,' ती म्हणाली. ती स्वतः त्या तिघांतली एक होती. इतके दिवस घरी येऊन 'माझे पाय दुखतात' का म्हणायची, ते मला त्या चित्राने सांगितलं.

एकूण तेरा मुलं. गाडीच्या आरसीवर आसनक्षमता सात होती आणि त्या आकड्यात ड्रायव्हरही धरलेला असतो. राहिल्या सहा जागा. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी शाळेच्या गाड्यांना दीडपटीचा निकष लावतात, तो लावला तरी नऊ. तेरा कोणत्याच हिशेबात बसत नव्हती.

गाडीची कागदपत्रं घरबसल्या

नंबर प्लेट बघा. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीची प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतात. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं असतील तर ती खासगी गाडी आहे आणि पैसे घेऊन मुलं नेण्याची तिला परवानगीच नाही. (इलेक्ट्रिक गाडीची प्लेट हिरवी असते. भाड्याच्या गाडीवर अक्षरं पिवळी, खासगीवर पांढरी.)

मग फोनवर mParivahan अॅप घ्या आणि गाडीचा नंबर टाका. चार गोष्टी वाचा: गाडीचा प्रकार, फिटनेसची मुदत, विम्याची मुदत, पीयूसीची मुदत. प्रकाराच्या जागी Motor Car असं दिसलं तर ती खासगी नोंदणी आहे. विमा चालू दिसला तरी खासगी गाडी भाड्याने वापरताना अपघात झाला तर विमा कंपनी दाव्यावर हरकत घेते, हे लक्षात असू द्या. परमिटबद्दल अॅपमध्ये स्पष्ट काही दिसलं नाही तर काकांकडे परमिटची प्रत मागा. ज्याचं परमिट आहे तो सहसा खुशीने दाखवतो.

या पडद्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. आमच्या गाडीचा फिटनेस दोन महिन्यांपूर्वी संपला होता.

एकच बोलणं, शांतपणे

बोलणं एकदाच करा आणि मूल जवळ नसताना करा. सकाळी गेटवर, बाकी मुलं गाडीत बसलेली असताना वाद घालण्याची चूक मी एकदा केली. त्या दिवशी माझी मुलगी त्याच चिडलेल्या माणसाच्या गाडीत बसून गेली आणि ती पोहोचल्याचा आकडा येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. पुन्हा तसं केलं नाही.

दुसऱ्यांदा मी संध्याकाळी फोन केला. 'काका, तुमच्याबद्दल राग नाही. पण सकाळी आमच्याआधी तुम्ही किती मुलं सोडता?' ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'ताई, अकरा. ती फेरी सोडली तर गाडीचा हप्ता निघत नाही.' मी विचारलं, 'मग आमच्या फेरीला पंधरा मिनिटं जास्त मिळतील अशी काही सोय होईल?' ते म्हणाले, 'या वर्षी तरी नाही.'

मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं. त्याने निर्णयही सोपा झाला, कारण आता वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुम्हालाही हाच प्रश्न विचारायचा आहे: फेऱ्या किती, आणि वेळापत्रक बदलेल का. 'उद्यापासून बघतो' हे उत्तर नव्हे. 'पहिली फेरी पंधरा मिनिटं आधी सुरू करतो' किंवा 'दुसरी गाडी लावतो' हे उत्तर आहे. तसं उत्तर मिळालं तर एक आठवडा द्या आणि कागद फ्रिजवरून काढू नका.

नोटीस देण्याआधी पर्याय

इथे बहुतेकांचं गाडं अडतं. रागाच्या भरात व्हॅन बंद करतात, सोमवारी रजा, मंगळवारी आजोबा, बुधवारी शाळा बुडते आणि गुरुवारी त्याच काकांना फोन जातो. एकदा असं झालं की नंतर तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. म्हणून किमान पंधरा दिवसांची सकाळ आणि दुपार, दोन्ही, नावानिशी कागदावर लिहा आणि मगच कळवा.

सकाळ सोपी असते, दुपार अवघड. आमच्याकडे सकाळ माझ्या नवऱ्याने घेतली. दुपारसाठी त्याच शाळेतल्या आमच्या सोसायटीतल्या आणखी दोन घरांशी बोललो. एकीच्या सासूबाई सोमवार-मंगळवार, मी घरून काम असतं तेव्हा बुधवार-गुरुवार, तिसऱ्या घरातले काका शुक्रवार-शनिवार. पाळीपाळीने आणणं ठीक आहे. त्यासाठी आपापसांत पैसे घेऊ नका, म्हणजे खासगी गाडी भाड्याने वापरल्याचा प्रश्न येत नाही. दुचाकीवर आणत असाल तर मुलालाही त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि एका वेळी एकच मूल. रिक्षा लावायचा मोह होतो, पण शाळेच्या रिक्षातही दाटीवाटीने मुलं बसवतात, तेव्हा व्हॅनमधून उठवून रिक्षात बसवल्याने काही साधत नाही.

शाळेची स्वतःची बस असेल तर वर्षाच्या मध्येही विचारा. ऑगस्टनंतर दोन-चार जागा रिकाम्या होतात. नवीन व्हॅन शोधत असाल तर फीच्या आधी हे विचारा: सकाळी पहिलं मूल किती वाजता घेता, आमच्याआधी आणखी कुठली शाळा करता का, दुपारी शाळा सुटल्यावर किती मिनिटांत गेटवर असता, मुलींसाठी मदतनीस बाई आहेत का. आणि गाडी आतून बघा. फळी दिसली की पुढचं बोलणं बंद.

काकांना कळवायचं कसं

फोनवर सांगा, पण त्याच दिवशी लेखी संदेशही पाठवा. संदेशात आरोपांची यादी नको. शेवटचा दिवस, दोन्ही वेळांची व्यवस्था आणि पैशाचा हिशेब इतकंच. मी पाठवलेला संदेश असा होता:

'नमस्कार काका. बोलल्याप्रमाणे, सकाळी होणारा उशीर, त्यामुळे वाढणारा वेग आणि दुपारी मुलांना बाहेर थांबावं लागणं या कारणांमुळे आम्ही व्हॅन बंद करत आहोत. शुक्रवार २३ ऑगस्ट हा शेवटचा दिवस. त्या दिवशी सकाळी आणि दुपारी मुलगी नेहमीप्रमाणे व्हॅनने येईल. सोमवार २६ ऑगस्टपासून तिला सकाळी घ्यायला येऊ नये आणि दुपारी शाळेतून व्हॅनमध्ये बसवू नये. जुलै ते सप्टेंबरचे ६,००० रुपये भरलेले आहेत, त्यातले सप्टेंबरचे २,००० रुपये कृपया परत करावेत. हा संदेश मिळाल्याचं कळवा.'

शेवटचं वाक्य विसरू नका. 'ओके ताई' एवढं उत्तर आलं तरी ती पोच आहे. आणि 'दुपारी व्हॅनमध्ये बसवू नये' हे वेगळं लिहा. त्याचं कारण पुढे सांगते.

संदेश शेवटच्या दिवसाच्या फार आधी पाठवू नका. बंद होणार हे कळल्यावर मूल त्याच गाडीत दोन आठवडे जात राहणं कुणाच्याच सोयीचं नसतं. मी बुधवारी पाठवला, शुक्रवारी शेवट. महिनाभराच्या नोटिशीचं काही लेखी ठरलं असेल तर ते पैसे देण्यापुरतं पाळता येतं. मूल गाडीत बसवण्याशी त्याचा संबंध नाही.

दुपारची ती पहिली वेळ

मूल सवयीने चालतं. दोन महिने रोज एकाच गाडीकडे गेलेलं मूल पहिल्या सोमवारी दुपारी घंटा वाजताच मैत्रिणीचा हात धरून त्याच गाडीत जाऊन बसतं. ड्रायव्हर घाईत असतो, डोकी मोजत नाही. इकडे आजी गेटवर वाट बघत राहते आणि मूल व्हॅनमध्ये. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण ती वीस मिनिटं कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

म्हणून शाळेला लेखी कळवा, फक्त डायरीतून नव्हे. वर्गशिक्षिका आणि कार्यालय दोघांना, एकाच मजकुराचं पत्र: मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, कोणत्या तारखेपासून कोणत्या नंबरच्या व्हॅनने जाणार नाही, आणि दुपारी न्यायला येणाऱ्या व्यक्तींची नावं, नातं आणि फोन. कार्यालयातल्या प्रतीवर शिक्का घ्या. गेटवरच्या सुरक्षारक्षकांना पहिल्या दोन दिवशी स्वतः भेटा, कारण कार्यालयातलं पत्र गेटपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

ओळखपत्राची मागची बाजू बघा. बहुतेक शाळांत तिथे व्हॅनचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल लिहिलेला असतो. आम्ही तो कागदाने झाकून वर माझा नंबर लिहिला. नाहीतर गडबडीत एखाद्या नवीन शिक्षिकेने ओळखपत्र वाचून तिला त्याच गाडीत बसवलं असतं. सोसायटीच्या गेटवरच्या अॅपमध्ये व्हॅनची रोजच्या प्रवेशाची नोंद असेल तर ती काढा.

रविवारी लेकीबरोबर सराव केला. हॉलमध्ये सोफा म्हणजे व्हॅन, दरवाजा म्हणजे गेट. 'घंटा वाजली. आता कुठे?' ती पहिल्यांदा सोफ्याकडेच गेली. तीन वेळा केल्यावर दरवाज्याकडे आली. काका हाक मारतील तर काय म्हणायचं, तेही ठरवलं: 'आई घ्यायला येणार आहे.' काकांशी भांडण झालं आहे असं तिला सांगितलं नाही. ती त्यांना रोज नमस्कार करायची, ते तसंच राहू दिलं.

पैसे

महिन्याच्या मध्यावर सोडलं तर चालू महिन्याच्या उरलेल्या दिवसांसाठी फार झगडू नका. पुढच्या पूर्ण महिन्यांचे पैसे मात्र मागा. व्हॅनची सेवा पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, त्यामुळे ग्राहक म्हणून तक्रार करता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. दोन हजारांसाठी इतक्या तारखा करणं परवडत नाही, हे खरं. पण वर्षभराची फी एकदम भरली असेल किंवा फेब्रुवारीत सोडताना एप्रिल-मेची फीही मागत असतील, तर रक्कम मोठी असते आणि लेखी संदेश व त्याची पोच तिथे उपयोगी पडते. म्हणून पुढच्या वेळी फी महिन्याची महिन्याला, यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा.

आम्हाला २,००० रुपये तीन आठवड्यांनी, दोनदा आठवण केल्यावर मिळाले. मिळाले नसते तरी व्हॅन त्याच शुक्रवारी बंद झाली असती. पैसे अडकलेत म्हणून मूल आणखी महिनाभर त्या गाडीत बसवणारे पालक मी पाहिले आहेत. तसं करू नका.

बाकीच्या बारा मुलांचं काय

हा प्रश्न मला सोमवारी सकाळी पडला, तीच व्हॅन आमच्या गेटवर न थांबता पुढे गेली तेव्हा. उशीर ही तुमची आणि काकांची बाब असू शकते. तेरा मुलं, फळी आणि संपलेला फिटनेस ही तुमच्यापुरती बाब नाही.

महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ चे वेगळे नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि तिच्यात पालक प्रतिनिधींबरोबर वाहतूक पोलीस आणि आरटीओचे अधिकारीही असतात. 'ती व्हॅन खासगी आहे, शाळेचा संबंध नाही' असं उत्तर मिळालं तर नम्रपणे म्हणा, 'मग हे परिवहन समितीच्या बैठकीत ठेवा आणि मला तारीख कळवा.' पत्र याच नावाने द्या: अध्यक्ष, परिवहन समिती.

पत्रात भावना कमी आणि नोंदी जास्त. गाडीचा नंबर, तारखा, वेळा, थांबा, मुलांची संख्या, फिटनेसच्या मुदतीचा स्क्रीनशॉट. 'बेफाम चालवतात' ऐवजी '६:५४ ला निघून ७:०८ ला पोहोचली, अंतर ६ किलोमीटर, मधे ४ थांबे'. याच मजकुराची प्रत प्रादेशिक परिवहन कार्यालयाला द्या आणि आवक शिक्का घ्या, किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक जपा. आरटीओची वायुवेग पथकं शाळांच्या वेळेत तपासणी करतात. त्यांना 'अमुक चौकात सकाळी ६:५५ ते ७:०५' अशी जागा आणि वेळ दिली तर त्यांचं काम सोपं होतं. फोटो काढायचे तर बाहेरून, नंबर प्लेट आणि दाराचे. इतरांच्या मुलांचे चेहरे टिपून ग्रुपवर टाकू नका.

व्हॅनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. तिथे काकाही असतात, आणि दोन पालक त्यांची बाजू घेतात, दोन माझी घेतात, की मूळ गोष्ट बाजूला पडते. मी पाच घरांना एकेक करून फोन केला आणि फ्रिजवरच्या कागदाचा फोटो पाठवला. तिघांनी ऐकून घेतलं. दोघी म्हणाल्या, 'आम्हाला दुसरा पर्याय नाही गं.' त्यांना मी आमच्या पाळीपाळीच्या गटात घ्यायला तयार होते. एकीची मुलगी मग बुधवारी आमच्याबरोबर येऊ लागली.

शाळेला पत्र दिल्यावर दहा दिवसांनी शाळेने सगळ्या व्हॅनची कागदपत्रं मागवली. आमच्या जुन्या व्हॅनमधली फळी काढली गेली आणि चार मुलं दुसऱ्या गाडीत गेली, असं त्या बुधवारच्या मुलीच्या आईने सांगितलं. सकाळची पहिली फेरी अजून आहे, त्यामुळे उशीरही आहे.

नवीन गाडीचीही नोंद

ऑक्टोबरपासून लेक दुसऱ्या व्हॅनने जाते. महिन्याला चारशे रुपये जास्त, कारण ते सकाळी एकच फेरी करतात. फ्रिजवर नवा कागद लावला आहे, तेच पाच रकाने, पहिले पंधरा दिवस. जुन्या व्हॅनमधल्या मैत्रिणी सुटल्या म्हणून पहिला आठवडा ती रुसली होती, सकाळी बूट घालायला वेळ लावायची. तेवढा वेळ धरून आम्ही तिला दहा मिनिटं आधी उठवायला लागलो, कारण आता उशीर आमच्याकडून व्हायला नको होता. दुसऱ्या रकान्यातली पहिली ओळ आहे ६:३८. शेवटच्या रकान्यात १:०२.